सत्तावीस रुपयांचा बुश आणि सातशेचा ब्लॉक

भोसरी एमआयडीसीतलं एक मशीन शॉप. चार सीएनसी, भोकं-खाचा पाडणारी एक उभी व्हीएमसी मशीन, दोन शिफ्ट, मालक साठीला आलेले. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल आला होता: दुचाकीचा जो बुश तुम्ही २८ रुपये ५० पैशांना देता, तो चाकणचा दुसरा सप्लायर २६ ला द्यायला तयार आहे, तुमचं काय?

काकांच्या वहीत बुशची किंमत २७ रुपये निघत होती. म्हणजे २६ ला दिला तर नगामागे रुपया खिशातून जाणार. "तो चाकणवाला येडा आहे किंवा मटेरियलमध्ये काहीतरी घोळ करतोय. सोडून देतो हा बुश. त्यापेक्षा ब्लॉकचं काम वाढवतो, तिथे नगाला दोनशे सुटतात," असं ते म्हणाले. मी कॉस्टिंगवाला. सोडण्याआधी दोन आठवडे द्या, एवढंच मागितलं. पुढे दिलेले आकडे एका तिमाहीच्या मासिक सरासरीचे आहेत आणि ओळख पटू नये म्हणून थोडे बदलून गोल केले आहेत, पण प्रमाण तेच आहे.

शॉपमध्ये मुख्यतः तीन प्रकारचा माल निघतो. बुश महिन्याला ६०,००० नग. पंपाचा शाफ्ट ६,००० नग. आणि हायड्रॉलिकचा मॅनिफोल्ड ब्लॉक, ज्यात आडवी-उभी भोकं एकमेकांना आत जाऊन मिळतात, तो फक्त ५०० नग. मटेरियल आणि ऑपरेटरची मजुरी धरून थेट खर्च बुशला १८ रुपये, शाफ्टला १५०, ब्लॉकला ५२०. इथपर्यंत भांडण नाही. बारचं वजन आणि हजेरी दोन्ही मोजलेलं असतं. भांडण सुरू होतं ते उरलेल्या ९ लाखांवर: महावितरणचं बिल, घसारा, सेटर, इन्स्पेक्टर, प्रोग्रॅमिंग, टेम्पो, बिलिंगचा माणूस. हे ९ लाख कोणत्या नगाच्या डोक्यावर किती बसवायचे?

काकांची पद्धत या पट्ट्यातल्या बहुतेक शॉपची आहे: मशीन अवर रेट. महिन्याला पाचही मशीन मिळून २,००० तास कापतात, ओव्हरहेड म्हणजे ते उरलेले ९ लाख, म्हणून तासाला ४५० रुपये. बुशला १ मिनिट १२ सेकंद लागतात, म्हणून ९ रुपये. शाफ्टला ६ मिनिटं, ४५ रुपये. ब्लॉकला २४ मिनिटं, १८० रुपये. म्हणून बुश २७, शाफ्ट १९५ आणि ब्लॉक ७००. विक्री अनुक्रमे २८.५०, २१० आणि ९००. हिशोबात गणिताची एकही चूक नाही. चूक असलीच तर एका गृहीतकात आहे: शॉपमधला प्रत्येक खर्च मशीन फिरते म्हणूनच होतो.

हे गृहीतक मोडायला कागद लागत नाही, एक सकाळ शॉपमध्ये उभं राहावं लागतं. मी व्हीएमसीपाशी स्टूल टाकून बसलो. ब्लॉकचा नवा लॉट लागणार होता, ५० नगांचा. सेटर मामांनी नग पकडून ठेवणारं आधीचं फिक्श्चर उतरवलं, टेबल पुसलं, नवं फिक्श्चर चढवून डायल लावला. काटा स्थिर व्हायला वीस मिनिटं गेली. मग टूल एकेक करून लांबी घेणं, ऑफसेट भरणं, प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर हळूहळू चालवणं, हात कायम फीडच्या बटणावर. पहिला नग निघाला तो तपासणीत नापास; एक भोक खोलीला कमी. दुसरा पास झाला, पण इन्स्पेक्टर शाफ्टच्या रिपोर्टमध्ये अडकला होता, तो येईपर्यंत पन्नास मिनिटं मशीन उभी. एकूण साडेतीन तास. आणि ही फक्त एक बाजू. ब्लॉक उलटा करून दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा तेवढंच. त्या सात तासांत विकण्याजोगा एकही नग पुढे सरकला नाही, त्यामुळे मशीन अवर रेटने ब्लॉकवर या सात तासांचा एक पैसाही टाकला नाही. तो पैसा मुकाट्याने दिवसरात्र फिरणाऱ्या बुशच्या खात्यात गेला.

एबीसी म्हणजे ॲक्टिव्हिटी बेस्ड, कृतीवर आधारित कॉस्टिंग, त्याचा सगळा जीव इथे आहे. खर्च आधी नगावर टाकायचा नाही, आधी कामावर टाकायचा. एका कारणाने वाढणारे-घटणारे खर्च एका गाठोड्यात बांधायचे, त्याला कॉस्ट पूल म्हणायचं. मग ते काम किती झालं हे मोजणारी एक मोजपट्टी शोधायची, तो ड्रायव्हर. पूल भागिले ड्रायव्हर म्हणजे दर, आणि तो दर गुणिले प्रत्येक मालाने वापरलेला ड्रायव्हर म्हणजे त्याचा वाटा.

पूल किती करायचे, हा पहिला मोह. काकांच्या अकाउंटंटने उत्साहाने सतरा पूल लिहून आणले होते. त्यात चहा-पाण्याचाही एक होता. सतरा ड्रायव्हर दर महिन्याला मोजणार कोण? मी पाचावर आणले. कसोटी साधी ठेवली: दोन पूल तिन्ही मालांत जवळपास सारख्याच प्रमाणात वाटले जात असतील तर ते एकच समजायचे, आणि पूल एवढा लहान असेल की त्याच्या चुकीने किंमत हलत नाही, तर तो शेजारच्यात घालायचा.

पूल भरताना खरी कटकट पगारांची असते. मामा आणि त्यांचा जोडीदार फक्त सेटिंग करत नाहीत. मध्येच इन्सर्ट बदलून देतात, बिघाड झाला की मेकॅनिकजवळ उभे राहतात. त्यांचा सगळा पगार सेटिंगमध्ये टाकला तर दर खोटा फुगतो. म्हणून दोन आठवडे त्यांच्या वेळेची नोंद घेतली. आधीची तयारी आणि टूल जुळवणं धरून साधारण ६० टक्के वेळ सेटिंगचा निघाला. तेवढा पगार ७५,००० रुपये, त्यात सॉफ्ट जॉ, कॉलेट, फिक्श्चरची झीज ६०,००० आणि पहिल्या नगांचा भंगार ४५,०००. मिळून सेटिंगचा पूल १,८०,००० रुपयांचा. बाकीचा पगार मशीनच्या पूलमध्ये गेला.

उरलेले चार पूल असे: मशीन चालवणं ४,००,०००, तपासणी १,४०,०००, प्रोग्रॅम आणि ड्रॉइंगची कामं ८०,०००, डिस्पॅच आणि बिलिंग १,००,०००. बेरीज पुन्हा ९ लाख यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊच नये. कुठलातरी खर्च दोनदा धरलाय किंवा राहून गेलाय.

आता ड्रायव्हर. सेटिंगसाठी सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर आलं: "किती सेटिंग झाल्या ते मोजा." मोजायला सोपं आहे खरं. महिन्यात बुशच्या १०, शाफ्टच्या २० आणि ब्लॉकच्या २०, अशा ५० सेटिंग. एका सेटिंगचे ३,६०० रुपये. पण बुशची सेटिंग एका तासात उरकते, शाफ्टची दोन तासांत, आणि ब्लॉकची साडेतीन तास खाते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. संख्येने वाटलं तर शाफ्टवर आणि ब्लॉकवर सारखेच ७२,००० बसतात. तासाने वाटलं तर बुश १० तास, शाफ्ट ४०, ब्लॉक ७०, एकूण १२० तास, तासाला १,५०० रुपये; ब्लॉकवर १,०५,००० येतात आणि बुशवर फक्त १५,०००. सगळ्या सेटिंग सारख्याच वेळाच्या असत्या तर संख्या पुरली असती. इथे नाही पुरत, म्हणून तास घेतले.

तासांची नोंद मात्र पहिल्या आठवड्यात निव्वळ फसवी होती. वहीत ओळीने "२ तास, २ तास, २ तास". माणूस शिफ्ट संपताना आठवून लिहितो तेव्हा असंच गोल लिहितो. मशीनच्या स्क्रीनवर कटिंग टाइमचा काउंटर असतो; शिफ्टच्या तासांतून तो वजा केला, बिघाड आणि ऑपरेटर नसल्याचा वेळ वजा केला, तेव्हा वहीचा आकडा कुठेच जुळेना. दुसऱ्या आठवड्यापासून सेटिंग सुरू होताना आणि पहिला नग पास होताना, दोनदाच घड्याळ लिहायचं ठरवलं. मामा थोडे रागावले. त्यांना वाटलं त्यांच्यावर नजर ठेवताहेत. इन्स्पेक्टरची वाट बघण्याचा वेळ वेगळ्या रकान्यात जाईल, तुमच्या नावावर नाही, हे सांगितल्यावर वही खरी भरायला लागली.

तपासणीचा ड्रायव्हर इन्स्पेक्टरचे तास घेतले: बुश ६०, शाफ्ट १००, ब्लॉक १९०. ब्लॉकचा प्रत्येक नग तपासून रिपोर्ट द्यावा लागतो, बुशचा फक्त नमुना. तासाला ४०० रुपये. प्रोग्रॅमच्या पूलला चालू ड्रॉइंगची संख्या घेतली: बुश २, शाफ्ट ४, ब्लॉक १०, ड्रॉइंगमागे ५,००० रुपये. डिस्पॅचला महिन्याच्या फेऱ्या: बुश २६, शाफ्ट १०, ब्लॉक १४, फेरीला २,०००. आणि मशीनच्या पूलला मशीनचे तासच, कारण तिथे तेच खरं कारण आहे. आता दर मात्र ४५० नाही, २००.

| पूल (रुपये) | बुश | शाफ्ट | ब्लॉक |
|---|---|---|---|
| मशीन चालवणं | २,४०,००० | १,२०,००० | ४०,००० |
| सेटिंग | १५,००० | ६०,००० | १,०५,००० |
| तपासणी | २४,००० | ४०,००० | ७६,००० |
| प्रोग्रॅम, ड्रॉइंग | १०,००० | २०,००० | ५०,००० |
| डिस्पॅच, बिलिंग | ५२,००० | २०,००० | २८,००० |
| एकूण | ३,४१,००० | २,६०,००० | २,९९,००० |
| नगामागे | ५.६८ | ४३.३३ | ५९८ |

डिस्पॅचची ओळ बघा. रोज सकाळी टेम्पो बुशचाच जातो, त्यामुळे त्या पूलचा अर्ध्याहून जास्त भार बुशवर पडला. मोठ्या लॉटचा माल प्रत्येक पूलमध्ये स्वस्तच निघतो असं नाही. पूर्वग्रह घेऊन बसलेल्याला ही ओळ सुटते.

आता किंमती. बुश २७ वरून २३.६८. शाफ्ट १९५ वरून १९३.३३, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी. मधल्या आकाराच्या मालाला दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडत नाही आणि तो पडला नाही म्हणून हिशोबावर माझाही विश्वास बसला. ब्लॉक ७०० वरून थेट १,११८. आणि तो विकला जातोय ९०० ला.

काकांनी कागद दोनदा उलटून पाहिला. "म्हणजे नगाला दोनशे सुटत नाहीत, दोनशे अठरा जातात?" महिन्याचा एकूण नफा दोन्ही हिशोबांत २,८०,००० रुपयेच आहे, तो बदलत नाही, बदलतं ते कोण कमावतंय हे. जुन्या वहीत बुश ९०,०००, शाफ्ट ९०,०००, ब्लॉक १,००,०००. नव्यात बुश २,८९,०००, शाफ्ट १,००,०००, ब्लॉक वजा १,०९,०००. चाकणवाला येडा नव्हता. त्याच्याकडे बहुधा फक्त बुशच होते, म्हणून त्याच्या बुशवर दुसऱ्याच्या ब्लॉकचं ओझं नव्हतं.

ही गोष्ट नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत जॉन डिअरच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात हेच झालं होतं: मोठ्या लॉटच्या कामांची कोटेशनं हरत होती आणि लहान लॉटची जिंकत होती. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन यांनी त्यावर लिहिलेलं प्रकरण आजही कॉस्टिंगच्या वर्गात शिकवतात. त्याच कंपनीचे ट्रॅक्टर आता आपल्या सणसवाडीत बनतात, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो.

पण इथेच बरेच जण दुसरी चूक करतात, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते. काका म्हणाले, "मग ब्लॉक बंद. महिन्याला लाख वाचले." वाचत नाहीत. ब्लॉक बंद केला तर ९०० वजा ५२०, म्हणजे नगामागे ३८० रुपये आणि महिन्याला १,९०,००० यायचे थांबतात. बदल्यात २,९९,००० चा खर्च जातो का? मामांचा पगार जात नाही. इन्स्पेक्टर जात नाही. घसारा तर मुळीच नाही. आम्ही ओळीने बसून टिपलं: वीज, कूलंट आणि इन्सर्टचे साधारण २०,०००, जॉ आणि भंगाराचे ६०,०००, बाहेरून करून घेतल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंगचे ३०,०००. मिळून १,१०,०००. म्हणजे बंद केलं तर पहिल्याच महिन्यात ८०,००० ने खड्ड्यात. एबीसी सांगतं की कोणत्या मालाने किती साधनं वापरली. माल थांबला की खर्च थांबेल, असं ते सांगत नाही. मोकळी झालेली साधनं कमी केली किंवा दुसऱ्या कमाईच्या कामाला लावली, तरच पैसा दिसतो.

हाच तराजू बुशला लावला. २६ ला विकला तरी थेट खर्च वजा जाता नगाला ८ रुपये, महिन्याला ४,८०,०००. सोडून दिला तर वाचणार काय? मशीनच्या पूलमधला निम्मा भाग तासाबरोबर हलतो, त्याचे १,२०,००० आणि रोजच्या टेम्पोचे ३०,०००. म्हणजे सोडल्यास महिन्याला ३,३०,००० चं नुकसान, आणि २६ च्या भावात १,३०,००० नफ्यात असलेलं शॉप दोन लाख तोट्यात गेलं असतं. वर आणखी एक फास: बुशचे १,२०० तास गेले की मशीनचा तासाचा दर २०० वरून ३५० वर चढतो, मग शाफ्ट महाग दिसू लागतो, मग शाफ्टही सोडावासा वाटतो.

तो फास टाळण्यासाठी मशीनचा दर मी पुन्हा मांडला. पाच मशीन, २५ दिवस, दिवसाला २० तास, म्हणजे २,५०० तास हाताशी आहेत. २,००० कापण्यात जातात, १२० सेटिंगमध्ये, ३८० नुसते रिकामे. घसारा वगैरे न हलणारे २,००,००० जर उपलब्ध २,५०० तासांवर टाकले, तर तासाला ८० आणि हलणारे १००, मिळून १८०. या दराने मालांवर ३,६०,००० बसतात आणि ४०,००० बाहेर राहतात: ९,६०० सेटिंगचे, ३०,४०० रिकाम्या तासांचे. हे ३०,४०० कोणत्याही नगाचे नाहीत, ते काकांचे आहेत. ऑर्डर कमी आली म्हणून बुश महाग होत नाही. कोटेशनसाठी हाच दर वापरायचा ठरला. ताळेबंदातल्या स्टॉकसाठी मात्र हे पाच पूल सरसकट उचलू नका म्हणून अकाउंटंटला बजावलं. लेखा मानक २ प्रमाणे विक्रीचा खर्च स्टॉकच्या किंमतीत धरत नाहीत, त्यामुळे तयार माल पोचवण्याचा डिस्पॅच पूल तिथे चालत नाही.

मग ब्लॉकचं काय केलं? ५९८ हा आकडा नगाचा वाटतो, पण त्यातले २१० रुपये नगाचे नाहीतच, ते लॉटचे आहेत. एका लॉटला दोन सेटिंग, सात तास, १०,५०० रुपये. लॉट ५० चा असेल तर नगाला २१०, शंभरचा असेल तर १०५, पंचवीसचा असेल तर ४२०. गिऱ्हाईक निम्म्या लॉटची ऑर्डर टाकतो आणि भाव तोच मागतो, तेव्हा काकांना हेच सात तास दिसत नव्हते. आता कोटेशनवर दोन ओळी असतात: नगाचा भाव वेगळा, लॉटमागे सेटिंगचे १०,५०० वेगळे.

ब्लॉकच्या गिऱ्हाइकाचा परचेसवाला आधी चिडला. मग त्याच्याच प्लॅनिंगने दोन-दोन ऑर्डरी जोडून शंभराचे लॉट केले, आणि सेटिंग धरून नगाला १,०५० वर बोलणं थांबलं, जिथे आमची किंमत १,०१३ येते. दोन ड्रॉइंगचं काम त्याने दुसरीकडे नेलं. बुश २६.५० ला राहिला. महिन्याच्या सेटिंगचे ३५ तास सुटले, पण पगार तोच असल्याने कागदावरचे ५२,५०० रुपये बँकेत आले नाहीत. जॉ आणि भंगार कमी झालं तेवढंच काय ते आलं. सुटलेल्या तासांत मामा आता शाफ्टची दोन टोकं एकाच सेटिंगमध्ये घेण्याचं फिक्श्चर बनवताहेत. ते जमलं तर शाफ्टच्या २० सेटिंगच्या जागी १० होतील, आणि सेटिंगचा दर मला पुन्हा मांडावा लागेल, कारण १,८०,००० चा पूल कमी तासांवर वाटला गेला की ब्लॉकचा भाव आपोआप चढलेला दिसेल आणि काका पुन्हा फोन करतील.